१०० ग्रॅम उकडलेल्या हरभऱ्यात प्रोटीन किती? वीस नव्हे, साडेआठ-नऊ! सुका, उकडलेला आणि डब्यातला हरभरा यांचा हिशोब

(तालुका प्रतिनिधी)

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आता गावोगावी आहेत. पहाटे रस्त्याला पळतात, संध्याकाळी गोळाफेक करतात आणि खाण्याचं सगळं गणित मोबाईलवर मांडतात. आमचा पुतण्या त्यातलाच. त्याच्या वहीत रोजचं प्रोटीन लिहिलेलं असतं. मागच्या महिन्यात वही सहज हातात आली. त्यात लिहिलं होतं, "उकडलेले छोले २०० ग्रॅम, प्रोटीन ४० ग्रॅम." आणि चाळीस ग्रॅम तिथंच झाले म्हणून पठ्ठ्यानं सकाळची दोन अंडी आणि रात्रीचं दूध बंद केलेलं.

विचारलं तर म्हणाला, "काका, मोबाईलमध्ये शंभर ग्रॅमला वीस दाखवतंय. दोनशेला चाळीस झाले की."

मोबाईल खोटं बोलत नव्हता, पोराचा गुणाकारही बरोबर होता. पण वीसचा आकडा कोरड्या हरभऱ्याचा होता आणि काट्यावर ठेवला होता तो पाणी पिऊन फुगलेला हरभरा. दोनशे ग्रॅम उकडलेल्या छोल्यांतून त्याला साधारण १७ ग्रॅम प्रोटीन मिळत होतं. म्हणजे वहीत रोज २३ ग्रॅम जास्त लिहिले जात होते. त्याचं वजन ६२ किलो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे धडधाकट माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरतात. म्हणजे त्याला साधं राहायला ५१ ग्रॅम लागतं, पळणाऱ्याला त्याहून जास्त. त्यातले २३ फक्त कागदावर!

ही चूक बऱ्याच जणांची होते, म्हणून हा विषय नीट मांडतो.

ओलाव्याचं मशीन आठवा

आपण हरभरा खरेदी केंद्रावर नेतो तेव्हा आधी काय होतं? मूठभर दाणे घेऊन ओलाव्याच्या मशीनमध्ये टाकतात. ओलावा जास्त निघाला की माल परत, नाहीतर कट्ट्यामागे कपात. का? तर पाण्याला हरभऱ्याचा भाव कोणी देत नाही. प्रोटीनचं अगदी तसंच आहे. पाण्यात प्रोटीन नसतं. दाण्यात जितकं पाणी शिरेल तितकं शंभर ग्रॅममागे प्रोटीन कमी दिसणार.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात सुक्या अख्ख्या हरभऱ्याला १०० ग्रॅममागे पावणेएकोणीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन दिलेलं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात सुक्या छोल्यांना साडेवीसच्या आसपास आहे. वाण, जमीन, पाणी याप्रमाणे असा एक-दोन ग्रॅमचा फरक राहतोच. हिशोबाला २० धरलं तरी चालतं.

आता अमेरिकेच्या त्याच तक्त्यात उकडून निथळलेल्या छोल्यांची ओळ बघा. तिथं १०० ग्रॅमला ८.८६ ग्रॅम प्रोटीन आहे. वीसचे एकदम पावणेनऊ. बघणाऱ्याला वाटतं, शिजवताना निम्म्याहून जास्त प्रोटीन जळून गेलं! आमच्या पारावरही एकानं हेच सांगितलं, "उकडलं की ताकद जाती, कच्चंच खावं."

पण ताकद कुठं गेलेली नाही. सुक्या छोल्यात १०० ग्रॅमला ७-८ ग्रॅम पाणी असतं, बाकी ९२ ग्रॅम खरा माल. उकडलेल्यात १०० ग्रॅमला ६० ग्रॅम पाणी, खरा माल फक्त ४० ग्रॅम. आता पाणी बाजूला काढून नुसत्या मालावर हिशोब करा. सुक्यात ९२ ग्रॅम मालात साडेवीस ग्रॅम प्रोटीन, म्हणजे शेकडा २२. उकडलेल्यात ४० ग्रॅम मालात पावणेनऊ-नऊ, म्हणजे तेही शेकडा २२. दोन्ही सारखेच! पाण्याशिवायच्या या हिशोबाला कृषी विद्यापीठाची माणसं "शुष्क भारावर" म्हणतात. बियाण्याच्या माहितीपत्रात किंवा कुठल्या संशोधनात हरभऱ्याचं प्रोटीन शेकडा २२-२३ वाचलं, तर आधी बघावं की तो आकडा शुष्क भारावरचा तर नाही. तसा असेल तर ताटातल्या उसळीला तो लावायचा नाही.

घरी मोजून बघितलं

तक्त्यावर विश्वास आहेच, पण आपण शेतकरी माणसं, काट्यावर बघितल्याशिवाय पटत नाही. म्हणून पुतण्याला बरोबर घेऊन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजलं. आमच्या गृहलक्ष्मीनं आधी विचारलं, "आता हे काय नवीन?" पण भांडी दिली.

अर्धा किलो काबुली घेतला. रात्री दहाला भिजत घातला, सकाळी आठला काढला. पाणी निथळून वजन केलं तर ९८५ ग्रॅम. म्हणजे नुसत्या भिजण्यानंच वजन जवळजवळ दुप्पट झालं. मग कुकरला शिजवला. दाणा बोटात सहज दबेल पण फुटणार नाही इतपत. चाळणीत ओतला, दोन मिनिटं निथळू दिला आणि वजन केलं. ११३० ग्रॅम भरलं.

आता हिशोब सोपा आहे. अर्धा किलो सुक्या छोल्यात वीसच्या दरानं १०० ग्रॅम प्रोटीन होतं. हेच १०० ग्रॅम आता ११३० ग्रॅममध्ये पसरलं. शंभर ग्रॅमच्या वाट्याला आलं ८.८५. तक्त्यातल्या आकड्याच्या अगदी जवळ! भिजवलेल्या आणि शिजवलेल्या पाण्यात थोडं प्रोटीन उतरतं, ते वजा केलं तर साडेआठ धरावं. पुतण्याचे १७ ग्रॅम इथून आले. दोनशे ग्रॅम, साडेआठच्या दराने.

यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. पहिल्यांदा घाईनं चाळणी हलवून लगेच वजन केलं तेव्हा काटा वीसेक ग्रॅम जास्त दाखवत होता. दाण्यांच्या वर आणि मधे अडकलेलं पाणी होतं ते. म्हणून दोन मिनिटं थांबायचं. आणि तुमच्या घरी ११३० च भरेल असं नाही. नवा माल, जुना माल, विहिरीचं जड पाणी, किती वेळ भिजवला, किती शिट्ट्या दिल्या, यावर वजन बदलतं. दोन-तीन वर्षं कोठीत पडलेला हरभरा कमी फुगतो आणि टणक राहतो. सव्वादोन पट हा मधला आकडा धरावा. दोन पटीपेक्षा कमी भरलं तर दाणा नीट शिजला नसणार. अडीच पटीच्या वर गेलं तर एकतर पाणी निथळलं नाही किंवा फार गळून शिजलाय.

सोडा टाकून शिजवणाऱ्यांना एक सांगतो. सोड्यानं दाणा पटकन मऊ होतो हे खरं, पण टरफलं सुटतात, दाणा फुटतो आणि गाभ्यातला पिठूळ भाग पाण्यात मिसळतो. ते पाणी तुम्ही ओतून दिलं तर नुकसान नेहमीपेक्षा जास्त. सोड्याशिवाय रात्रभर भिजवलेला हरभरा चांगला.

डब्यातले छोले: ४०० ग्रॅममध्ये खरा हरभरा किती?

आपल्या तालुक्याच्या बाजारात टिनच्या डब्यातले छोले फारसे दिसत नाहीत. पण पुण्या-मुंबईत खोली करून राहणारी आपली पोरं आणि आखातात कामाला गेलेले लोक सर्रास वापरतात. डबा फोडला, पाणी ओतून दिलं, कांदा-लिंबू मारून खाल्लं. कुकरची भानगड नाही.

डब्यावर दोन वजनं लिहिलेली असतात, पण नजर पडते एकावरच. मोठ्या अक्षरात असतं ते निव्वळ वजन, बऱ्याच डब्यांवर ४०० ग्रॅम. हे दाणे आणि पाणी दोन्ही मिळून. बाजूला बारीक अक्षरात "ड्रेन्ड वेट" असतं, बहुतेक २४० ग्रॅम. हे पाणी निथळल्यावरच्या दाण्यांचं वजन. म्हणजे १६० ग्रॅम तर पाणीच झालं!

पुढची गंमत ऐका. जे २४० ग्रॅम दाणे उरले ते घरच्या उकडलेल्यापेक्षाही जास्त पाणी प्यालेले असतात. कारखान्यात दाणे डब्यात भरून, झाकण सीलबंद करून मोठ्या दाबाच्या भांड्यात ११५ ते १२१ अंश तापमानाला शिजवतात, नाहीतर डबा टिकणार नाही. आणि नंतर दुकानात विकला जाईपर्यंत महिनोन्‌महिने ते दाणे त्याच पाण्यात बसून असतात. त्यामुळे डब्यातल्या निथळलेल्या छोल्यांत दोन तृतीयांश पाणी असतं आणि प्रोटीन १०० ग्रॅमला ७ ग्रॅमच्या आसपास. घरचे साडेआठ-नऊ, डब्यातले सात.

आता पूर्ण डब्याचा हिशोब. २४० ग्रॅम दाणे, सातच्या दराने १७ ग्रॅम प्रोटीन. ४०० ग्रॅमला वीसचा दर लावला असता तर ८० ग्रॅम आले असते. कुठं ८० आणि कुठं १७! उलटा हिशोबही करून बघा. १७ ग्रॅम प्रोटीन सुक्या हरभऱ्यात किती वजनात असतं? वीसच्या दरानं ८५ ग्रॅममध्ये. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा जो घेतो तो खरं तर आपला ८५-९० ग्रॅम हरभरा विकत घेतो. आपण पिकवणारे आहोत म्हणून हे जरा जास्तच लागतं. असो.

डब्यातलं चिकट पाणी फेकल्यावर काय जातं, हा प्रश्न पुतण्यानं विचारला आणि बरोबर विचारला. तक्त्यात डब्यातला सगळा माल, म्हणजे पाण्यासकट, १०० ग्रॅमला पाच ग्रॅमच्या किंचित खाली प्रोटीन दिलंय. म्हणजे ४०० ग्रॅमला साडेएकोणीस-वीस. निथळलेल्या दाण्यांत १७. उरलेले अडीच-तीन ग्रॅम त्या पाण्यात. तक्त्यातल्या या ओळी वेगवेगळ्या डब्यांवरून काढलेल्या असतात, त्यामुळे हा अंदाज मोघमच समजा. पण त्या पाण्यात भलतीच ताकद आहे असं काही नाही, आणि ते टाकलं तर फार मोठं नुकसानही नाही. उलट त्यात मीठ बरंच असतं. रक्तदाबवाल्यांनी डब्यातले दाणे चाळणीत घेऊन साध्या पाण्यानं धुवावेत. मीठ कमी होतं, प्रोटीनला धक्का लागत नाही, कारण ते दाण्याच्या आत असतं.

लेबलवरचा आकडा कशाचा आहे हे कसं ओळखायचं?

खरी मेख इथं आहे. लेबलवर किंवा ॲपमध्ये "१०० ग्रॅममागे" एवढंच लिहितात. कशाचे १०० ग्रॅम? सुक्याचे, निथळलेल्याचे, का पाण्यासकट? बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. पण आकड्यावरूनच कळतं.

प्रोटीन १८ ते २२ दिसलं तर तो सुक्या हरभऱ्याचा आकडा. साडेसहा ते नऊ दिसलं तर उकडून निथळलेल्याचा, त्यात सातच्या जवळ असेल तर डब्यातला आणि पावणेनऊच्या जवळ असेल तर घरी उकडलेला. चार-पाच दिसलं तर पाण्यासकट पूर्ण डब्याचा. खात्री करायची असेल तर त्याच ओळीत उष्मांक म्हणजे कॅलरी बघा. अमेरिकेच्या तक्त्याप्रमाणे सुक्याला ३५० च्या वर असतात, उकडून निथळलेल्याला १४० ते १६५, पाण्यासकट डब्याला ९० च्या आसपास. दोन्ही आकडे एकाच गटात बसले पाहिजेत. एका पाकिटावर प्रोटीन २० आणि कॅलरी १६० असं दिसलं तर समजायचं की कोणीतरी इकडचं तिकडं चिकटवलंय.

ॲपमध्ये हरभरा शोधला की पाच-सहा नावं येतात. त्यात "रॉ" किंवा "ड्राय" म्हणजे कोरडा कच्चा, "बॉईल्ड" किंवा "कुक्ड" म्हणजे उकडलेला आणि "कॅन्ड, ड्रेन्ड" म्हणजे डब्यातला निथळलेला. पुतण्यानं पहिलं दिसलं ते नाव दाबलं होतं आणि ते होतं "रॉ".

बचत गटाच्या ज्या ताया उकडलेले मसाला चणे पाकिटात भरून विकतात त्यांनीही हे बघावं. पाकिटावर आतल्या मालाचे आकडे लागतात. सुक्या हरभऱ्याचा वीसचा आकडा उकडलेल्या चण्याच्या पाकिटावर छापला तर ती चुकीची माहिती ठरते आणि उद्या तपासणीत अडचण येते. फुटाणे विकत असाल तर गोष्ट वेगळी, फुटाणा भाजलेला आणि कोरडा असतो, त्याला वीसच्या आसपासचा आकडा शोभतो. म्हणूनच मूठभर फुटाणे आणि मूठभर उकडलेले चणे एका तराजूत बसत नाहीत. ५० ग्रॅम फुटाण्यात दहा ग्रॅम, ५० ग्रॅम उकडलेल्यात चार-सव्वाचार.

नुसते भिजवलेले कच्चे चणे

तालमीतली जुनी सवय. रात्री भिजवायचे, सकाळी चावून खायचे. आमच्या मोजणीत अर्ध्या किलोचे ९८५ ग्रॅम झाले होते, म्हणजे भिजलेल्या चण्यात १०० ग्रॅमला दहा ग्रॅम प्रोटीन. उकडलेल्यापेक्षा जास्त दिसतं, पण त्याचं कारण एवढंच की त्यानं पाणी थोडं कमी प्यालंय. पारावरच्या माणसाचं "कच्चंच खावं" इथं चुकतं. कच्च्या हरभऱ्यात असे घटक असतात जे पोटात प्रोटीन पचवण्याच्या कामात आडवे येतात. शिजवल्यावर ते बरेचसे निकामी होतात. त्यामुळे कागदावर भिजलेला पुढं असला तरी अंगी लागायला उकडलेला बरा. ज्यांना सकाळी पळताना पोट फुगल्यासारखं वाटतं त्यांनी आठवडाभर उकडून खाऊन बघावेत.

मग घरात मोजायचं कसं?

सगळ्यात बिनचूक रीत म्हणजे शिजलेलं मोजायचंच नाही. भिजत घालायच्या आधी कोरडा हरभरा मोजायचा. जेवढे ग्रॅम, त्याला पाचनं भागलं की प्रोटीन. अडीचशे ग्रॅम हरभऱ्याची उसळ केली तर पन्नास ग्रॅम प्रोटीन, खाणारे पाच असतील तर प्रत्येकाला दहा. मग रस्सा पातळ केला काय आणि घट्ट केला काय, फरक पडत नाही. पाण्यात उतरलेलं प्रोटीनही रश्श्यातच राहतं. यासाठीच आपल्या आया-बायका शिजवलेल्या हरभऱ्याचं पाणी टाकत नाहीत, त्याची कटासारखी आमटी करतात. तिथं निथळण्याचा प्रश्नच नाही.

पण जो एकटाच पातेल्यातून काढून खातो, त्यानं निथळून वजन करावं आणि शंभराला साडेआठ धरावं. काटा नसेल तर वाटीवर भागवावं. आमच्या घरातली आमटीची वाटी दीडशे मिलीची आहे. उकडलेले निथळलेले छोले तिच्यात १०० ग्रॅमच्या आसपास बसतात, म्हणजे साडेआठ-नऊ ग्रॅम प्रोटीन. तीच वाटी सुक्या छोल्यांनी भरली तर सव्वाशे ग्रॅम आणि २५ ग्रॅम प्रोटीन. एकच वाटी, पण जवळजवळ तिप्पट फरक. तुमची वाटी किती मिलीची आहे ते एकदा औषधाच्या बाटलीच्या मापानं पाणी ओतून बघून घ्या.

उलटी चूकही होते बरं का. शेजारच्या एका ताईंनी डायटिशियननं दिलेल्या कागदावर "हरभरा १०० ग्रॅम" वाचून रोज शंभर ग्रॅम सुका हरभरा भिजत घातला. शिजल्यावर सव्वादोनशे ग्रॅम झाला, खाऊन पोट तडतडलं. कागदावर बहुधा शिजलेला अपेक्षित होता. असा कागद मिळाला की तिथल्या तिथं विचारून घ्यायचं, सुका का शिजलेला, आणि त्यापुढं पेननं लिहून ठेवायचं.

पुतण्याची वही आता बदलली आहे. सकाळी ७० ग्रॅम कोरडा काबुली भिजायला टाकतो, संध्याकाळी उकडून खातो, वहीत १४ लिहितो. अंडी परत सुरू झाली. दूध रात्रीचं मिळतंय, म्हैस आटेपर्यंत तरी.